रक्त कमी, पेशी जास्त

माझ्या रक्ताच्या रिपोर्टवर तीन आकडे ठळक छापलेले होते. हिमोग्लोबिन १०.६, म्हणजे कमी. एमसीव्ही ६१, म्हणजे खूपच कमी. आणि लाल पेशींची संख्या ५.६२ दशलक्ष, म्हणजे जास्त. पहिल्याची मला सवय होती. कॉलेजात असल्यापासून प्रत्येक डॉक्टरांनी ‘रक्त कमी आहे’ असंच सांगितलं होतं. दुसऱ्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. तिसरा मात्र काही केल्या पटेना. रक्त कमी असेल, तर लाल पेशी जास्त कशा?

मी नागपूरच्या एका पतसंस्थेत हिशेब बघते. आकडे जुळले नाहीत की मला चैन पडत नाही. तेव्हा मला नुकताच तिसरा महिना लागत होता आणि ही पहिलीच तपासणी होती. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ होती : ‘थॅलसेमिया ट्रेटची शक्यता. एचबी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्यावे.’ थॅलसेमिया हा शब्द मी ऐकला होता. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवून घेणारी लहान मुलं मी एका रक्तदान शिबिराच्या फलकावर पाहिली होती. तो आजार आणि आपण, यांचा संबंध काय, हे कळेना. आणि पोटातल्या बाळाचं काय, हा विचार मनात आल्यावर दुसरं काही सुचेना.

आमच्या डॉक्टर मॅडमनी मला थेट पॅथॉलॉजिस्टकडे पाठवलं. ‘ती ओळ ज्यांनी लिहिली, त्यांनाच विचारा, त्या नीट समजावतील,’ म्हणाल्या. त्यांनी खरोखरच समजावलं. रिपोर्ट वाचायला मी त्या दिवशी शिकले. थॅलसेमियाच्या वाहकाचं रक्त एका साध्या सीबीसीत स्वतःची ओळख कशी देतं आणि ती ओळख पक्की करायला काय करावं लागतं, ते मी इथे लिहिते आहे.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा पहिला प्रश्न होता, ‘जुने रिपोर्ट आहेत का?’ माझ्या फाइलमध्ये पाच वर्षांपूर्वीचा एक होता. तेव्हा हिमोग्लोबिन १०.५, पेशी ५.५८, एमसीव्ही ६०.४. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. ‘मधल्या काळात लोहाच्या गोळ्या किती घेतल्या?’ पुष्कळ घेतल्या होत्या. शौच काळी व्हायची, मळमळायचं, तरी घेत राहिले होते. एक कोर्स संपला की हिमोग्लोबिन पाहायचं, ते तिथेच असायचं, मग गोळीचं नाव बदलायचं. ‘लोह कमी असतं तर इतक्या गोळ्यांनी आकडे हलले असते,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचे आकडे पाच वर्षं एकाच जागी उभे आहेत. ही जन्मापासूनची गोष्ट असू शकते.’

मग त्यांनी सांगितलं की सीबीसीच्या लांबलचक यादीतल्या सगळ्या ओळी सारख्या मोलाच्या नसतात. मशीन मोजक्याच गोष्टी प्रत्यक्ष मोजतं. पातळ केलेलं रक्त एका अगदी बारीक छिद्रातून ओढलं जातं, आणि प्रत्येक पेशी त्या छिद्रातून जाताना विजेच्या प्रवाहात क्षणभर अडथळा येतो. असे किती अडथळे आले, ती पेशींची संख्या. अडथळा किती मोठा, त्यावरून त्या पेशीचं आकारमान. त्या आकारमानांची सरासरी म्हणजे एमसीव्ही. ती फेम्टोलिटरमध्ये मोजतात, आणि प्रौढ माणसात साधारण ८० ते १०० असते. हिमोग्लोबिन वेगळं मोजतात : पेशी फोडून त्यांचा रंग किती गडद आहे ते पाहतात. बाकीच्या बऱ्याच ओळी या तीन मोजमापांवरून गणिताने काढलेल्या असतात. म्हणून माझ्या रिपोर्टातला विरोध मशीनच्या गोंधळातून आलेला नव्हता. पेशी खरंच जास्त होत्या, खरंच लहान होत्या, आणि एकूण हिमोग्लोबिन खरंच कमी होतं. मी कागदाच्या मागेच गुणाकार करून पाहिला. एका मायक्रोलिटर रक्तातल्या ६१ फेम्टोलिटरच्या ५.६२ दशलक्ष पेशी एकत्र केल्या तर त्या रक्ताचा ३४.३ टक्के भाग भरतो, आणि रिपोर्टात पीसीव्हीसमोर तोच आकडा होता. हिशेब जुळत होता. मला त्याचं कारण तेवढं कळत नव्हतं.

कारण सांगताना मॅडम स्वयंपाकघरात गेल्या. घरात पीठच कमी असेल, तर भाकरी लहान होते आणि भाकऱ्याही थोड्याच होतात. लोह कमी पडतं तेव्हा हेच घडतं. हिमोग्लोबिनला लोह लागतं, ते नसल्यामुळे पेशी लहान, फिकट आणि संख्येनेही कमी बनतात. पण परातीत पीठ भरपूर आहे आणि थापणाऱ्या हातातच काही उणीव आहे, असं असेल तर प्रत्येक भाकरी लहान होईल, मात्र पोट भरावं म्हणून भाकऱ्या जास्त थापल्या जातील. थॅलसेमियाच्या वाहकात असं होतं.

हातातली उणीव कोणती, तेही त्यांनी सांगितलं. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा साखळ्या आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीची जनुकं दोन, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. वाहकात त्यांतलं एक बिघडलेलं असतं. ते बीटा साखळी कमी बनवतं किंवा मुळीच बनवत नाही. दुसरं जनुक धडधाकट असतं, म्हणून माणूस आजारी पडत नाही. पण प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन थोडं कमी भरतं. पेशी लहान राहते, आणि अस्थिमज्जा संख्या वाढवून ती तूट बरीचशी भरून काढते. म्हणून वाहकाचं हिमोग्लोबिन फार खाली जात नाही, दहा-अकराच्या आसपास किंवा त्याच्या थोडं वर राहतं, आणि माणूस नोकरी करतो, घर सांभाळतो, डोंगर चढतो. मला हे ऐकून एवढा धीर आला की मी तिथेच विचारलं, ‘म्हणजे मला आजार नाही?’ ‘नाही. ट्रेट म्हणजे आजार नव्हे. पण दोन वाहकांचं लग्न झालं, तर त्यांच्या बाळाला आजार होऊ शकतो. म्हणून तर मी ती ओळ लिहिली.’

या फरकावर बेतलेला एक सोपा भागाकार त्यांनी मला शिकवला. विल्यम मेंट्झर या अमेरिकन डॉक्टरांनी तो १९७३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागायचं. उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर थॅलसेमिया ट्रेटकडे बोट जातं, १३ पेक्षा जास्त आलं तर लोहाच्या कमतरतेकडे. माझं गणित ६१ भागिले ५.६२, म्हणजे १०.९. घरी आल्यावर मी आमच्या वहिनींचा रिपोर्ट काढला. त्यांना पाळीत फार रक्तस्राव व्हायचा. त्यांचं हिमोग्लोबिन ९.४, पेशी ३.९, एमसीव्ही ७२. भागाकार १८.५. आम्हा दोघींनाही वर्षानुवर्षं ‘रक्त कमी’ असं एकच वाक्य ऐकवलं गेलं होतं, पण दोघींचे आकडे अगदी वेगळं बोलत होते. वहिनींच्या रिपोर्टात आरडीडब्ल्यू १८.६ होता, म्हणजे त्यांच्या पेशींच्या आकारात खूप कमीजास्त होतं. लोह हळूहळू संपत गेलं की जुन्या पेशी बऱ्या आकाराच्या आणि नव्या लहान, अशी सरमिसळ होते. माझ्या पेशी जवळपास सगळ्याच लहान असल्यामुळे माझा आरडीडब्ल्यू फारसा वाढलेला नव्हता. वहिनींनी लोह घेतलं आणि तीन महिन्यांत त्यांचं हिमोग्लोबिन १२ च्या पुढे गेलं.

त्या भागाकारावर मात्र फार विसंबू नका, असं मॅडमनी लगेच बजावलं. त्याने फक्त संशय येतो, निदान होत नाही. एखाद्या वाहकालाच लोहाची कमतरता झाली, तर त्याच्या पेशींची संख्या घटते आणि उत्तर १३ च्या वर सरकू शकतं. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळेही पेशींची संख्या खाली येते. म्हणून एमसीव्ही ८० पेक्षा कमी किंवा एमसीएच २७ पेक्षा कमी असलेल्या प्रत्येक गरोदर बाईची पुढची तपासणी करायची, भागाकार काहीही म्हणो, असा त्यांचा नियम होता. एमसीएच म्हणजे एका पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन आहे तो आकडा. माझा १८.९ होता.

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून माझं रक्तही दाखवलं. काचेवर पसरलेल्या थेंबात लाल पेशी दाटीवाटीने पडल्या होत्या, मध्ये फिकट आणि कडेला थोडा रंग. शेजारी एक पांढरी पेशी होती, लहान लिम्फोसाइट. ‘हिच्या जांभळ्या केंद्रकाएवढी लाल पेशी असायला हवी,’ त्या म्हणाल्या. माझ्या त्याहून स्पष्टच लहान होत्या. काहींच्या मधोमध पुन्हा एक गडद ठिपका होता. नेमबाजीच्या लक्ष्यावरून त्यांना टार्गेट पेशी म्हणतात. थॅलसेमियाच्या वाहकात त्या दिसतात, पण इतर काही कारणांनीही दिसतात, त्यामुळे तोही पुरावा अखेरचा नव्हे.

अखेरचा पुरावा म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणं. त्यासाठी माझं तेच रक्त, जांभळ्या झाकणाच्या नळीतलं, पुरलं. पुन्हा टोचावं लागलं नाही आणि उपाशी राहण्याचीही गरज नव्हती. जुन्या पद्धतीत पेशी फोडून मिळालेलं हिमोग्लोबिन एका पट्टीवर ठेवतात आणि विजेचा प्रवाह सोडतात. प्रत्येक प्रकारावरचा विद्युतभार वेगळा असल्यामुळे ते वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि पट्टीवर वेगवेगळे पट्टे उमटतात. हे इलेक्ट्रोफोरेसिस. आता बऱ्याच प्रयोगशाळा एचपीएलसी वापरतात. त्यात हिमोग्लोबिन एका बारीक नळकांडीतून जातं, तिथे कोणता प्रकार किती वेळ अडकून राहतो त्यावरून तो ओळखला जातो, आणि कागदावर डोंगरासारखा आलेख येतो. काउंटरवर या तपासणीला दोन्ही नावांनी बोलतात, म्हणून आपल्या नमुन्यावर नेमकी कोणती झाली ते रिपोर्टात बघून घ्यावं. कारण एचबीए२ ची टक्केवारी अचूक हवी असते आणि जुन्या पट्टीवर नुसत्या नजरेने पट्टा पाहून ती अचूक मिळत नाही.

इथे पुन्हा मी गोंधळले. एचबीए२ कशासाठी? बिघाड तर बीटा साखळीत आहे. मॅडमनी सांगितलं की आपल्या रक्तात मुख्य हिमोग्लोबिन म्हणजे एचबीए, त्यात अल्फा आणि बीटा. थोडंसं एचबीए२ असतं, त्यात अल्फा आणि डेल्टा. डेल्टा साखळीचं जनुक चांगलं असतं. बीटा साखळ्या कमी पडल्या की अल्फा साखळ्यांना जोडीला डेल्टा जास्त प्रमाणात मिळते, आणि एकूण हिमोग्लोबिनमध्ये एचबीए२ चा वाटा वाढतो. निरोगी माणसात तो साधारण २ ते ३.३ टक्के असतो. बीटा थॅलसेमियाच्या वाहकात बहुतेक वेळा ४ ते ६ टक्के. साडेतीनच्या वर गेला की वाहक असण्याचा विचार करतात. मोजला जाणारा फरक जेमतेम दोन टक्क्यांचा असतो, आणि त्यावर एवढं मोठं निदान उभं राहतं, म्हणून मशीन रोज ज्ञात नमुन्यांवर तपासून घ्यावं लागतं.

माझा एचबीए२ आला ५.४ टक्के. एचबीएफ, म्हणजे गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन, १.२ टक्के, तो वाहकात थोडा वाढलेला असू शकतो. आलेखात दुसरा कोणताही अनोळखी डोंगर नव्हता. फेरिटिन ४८, म्हणजे लोहाचा साठा पुरेसा. बीटा थॅलसेमिया ट्रेट, असं रिपोर्टवर स्पष्ट लिहून आलं. गोळ्यांनी न हलणाऱ्या हिमोग्लोबिनचं कारण मिळालं. डॉक्टर मॅडमनी फॉलिक अॅसिड चालू ठेवलं, आणि लोह द्यायचं ते फेरिटिन पाहून द्यायचं, असं केस पेपरवर लिहिलं. हे महत्त्वाचं आहे : वाहक असलेल्या बाईला लोह कधीच लागत नाही, असं नाही. गरोदरपणात तिचाही साठा संपू शकतो. तो मोजून मगच द्यायचं.

आता सगळं माझ्या नवऱ्याच्या रिपोर्टवर अवलंबून होतं. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही बिघडलेली जनुकं मिळण्याची शक्यता चारात एक असते. असं बाळ जन्मतः चांगलं दिसतं, कारण तेव्हा त्याच्या रक्तात एचबीएफ असतं आणि त्याला बीटा साखळी लागत नाही. पहिल्या काही महिन्यांत एचबीएफ कमी होतं, बीटाची जागा रिकामी राहते, आणि बाळ पांढरं पडत जातं. मग आयुष्यभर रक्त चढवणं आणि त्या रक्तातून साठत जाणारं लोह काढायची औषधं. हे सगळं डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये वर्णन केलेल्या थॅलसेमिया मेजर या आजाराचं चित्र आहे.

नवरा म्हणाला, ‘माझं सीबीसी ऑफिसच्या तपासणीत झालंय, एकदम नॉर्मल.’ तो रिपोर्ट मी मॅडमना दाखवला. हिमोग्लोबिन १४.८, एमसीव्ही ८६. मॅडम म्हणाल्या, ‘छान आहे, पण पुरेसं नाही. त्यांचंही एचपीएलसी करायचं.’ कारण विचारलं, तेव्हा त्यांनी विदर्भाचं नाव घेतलं. आपल्याकडे सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. सिकलसेलच्या वाहकाचं सीबीसी अगदी नॉर्मल असू शकतं, एमसीव्हीसुद्धा. पण आईकडून बीटा थॅलसेमियाचं आणि वडिलांकडून सिकलसेलचं जनुक एकाच बाळाला मिळालं, तर ते बाळ आजारी होतं. वेदनेचे झटके, वारंवार होणारे संसर्ग, रक्ताची कमतरता. सीबीसीत हा धोका दिसणार नाही, एचपीएलसीत एचबीएसचा वेगळा डोंगर लगेच दिसेल. पूर्व भारतात जास्त आढळणाऱ्या एचबीईचंही असंच. त्याचा थॅलसेमियाशी संयोग बाळाला त्रास देतो. तेव्हा एक जण वाहक निघाला की जोडीदाराचं सीबीसी पाहून सुटका करून घ्यायची नाही.

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळीच रक्त दिलं. रिपोर्ट येईपर्यंतचा काळ आम्हा दोघांना फार जड गेला. दोघंही वाहक निघालो असतो, तर पुढचं पाऊल काय असतं, हे डॉक्टर मॅडमनी आम्हाला लपवून न ठेवता आधीच सांगितलं. आधी दोघांच्या जनुकांतला नेमका बिघाड शोधायचा, मग दहाव्या-बाराव्या आठवड्यांच्या सुमारास वारेचा बारीक तुकडा काढून बाळाचं जनुक तपासायचं. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रोगप्रतिकारक रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे अशा तपासण्यांचं काम अनेक वर्षं चालत आलं आहे. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणूनच पहिली तपासणी पहिल्या तीन महिन्यांत हवी. पाचव्या महिन्यात ही ओळ रिपोर्टवर आली असती, तर निर्णयाला फार कमी वेळ उरला असता.

त्याचं एचबीए२ आलं २.७, एचबीएस नाही, एचबीई नाही. म्हणजे आमच्या बाळाला थॅलसेमिया मेजर होण्याची भीती नाही. बाळ माझ्यासारखं वाहक असण्याची शक्यता मात्र निम्मी. ते जन्मल्या जन्मल्या तपासून कळत नाही, कारण त्या वयात एचबीए२ अजून स्थिरावलेलं नसतं. वर्ष ओलांडल्यावर करा, असं मॅडमनी सांगितलं.

यानंतर घरच्यांच्या तपासण्या सुरू झाल्या. आई-बाबांपैकी कुणाकडून तरी हे आलं असणार. आईचं सगळं नॉर्मल. बाबांचं हिमोग्लोबिन १२.८, पेशी ६.४ दशलक्ष, एमसीव्ही ६३. एवढ्या पेशी पाहून मी आता गोंधळले नाही, भागाकार केला : ९.८. एचबीए२ ५.२. साठी ओलांडलेले बाबा रोज पहाटे फिरायला जातात. त्यांना हा कागद पाहून वाईट वाटलं. ‘माझ्यामुळे तुला झालं,’ म्हणाले. त्यांनाही ते त्यांच्या आई किंवा वडिलांकडून आलं, आणि कुणीच कुणाला मुद्दाम दिलं नाही, हे मी त्यांना समजावलं. घरात ही गोष्ट लपवायची नाही असं बाबांनीच ठरवलं, आणि काकांना फोनही त्यांनीच केला.

धाकट्या बहिणीच्या रिपोर्टने मात्र आम्हाला खरं कोड्यात टाकलं. तिचं लग्न ठरत होतं, म्हणून तिची तपासणी आम्ही घाईनेच करून घेतली. हिमोग्लोबिन ९.१, पेशी ४.७, एमसीव्ही ५९.६. भागाकार १२.७, म्हणजे जेमतेम १३ च्या खाली. आरडीडब्ल्यू १९.८, खूप वाढलेला. आणि एचबीए२ ३.४ टक्के. म्हणजे वाहक की नाही? रिपोर्टच्या मर्यादेत पाहिलं, तर ती वाहक नव्हती. बहीण खूश झाली, आईने देवापुढे साखर ठेवली. मॅडमनी सही करायचं थांबवलं.

त्यांचं म्हणणं असं होतं : इतक्या लहान पेशी आणि तरीही ४.७ दशलक्ष, हे लोहाच्या साध्या कमतरतेत सहसा जमत नाही. घरात वडील आणि बहीण वाहक आहेत. आणि लोह फार कमी असेल, तर एचबीए२ खाली ओढला जातो. वाहकाचा आकडा त्यामुळे साडेतीनच्या खाली लपू शकतो. फेरिटिन मागवलं, ते ६ आलं. साठा जवळजवळ संपलेला. म्हणजे तिच्यात दोन गोष्टी एकत्र असू शकतात, आणि एक दुसरीला झाकते आहे. तीन महिने लोह द्या, फेरिटिन भरलं की एचपीएलसी पुन्हा करा, मग मी निदान लिहीन, असं त्यांनी सांगितलं. उलटी गडबडही होऊ शकते, हेही तेव्हा कळलं. बी१२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात आणि एमसीव्ही वर सरकतो, एचबीए२ सुद्धा थोडा वाढू शकतो. कुणाला नुकतंच रक्त चढवलं असेल, तर त्या नमुन्यात दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात, म्हणून तीन महिने थांबावं लागतं. एचबीए२ नॉर्मल, लोहही नॉर्मल, पण एमसीव्ही तरीही कमीच, असं दिसलं तर अल्फा साखळीच्या जनुकात बिघाड असू शकतो. तो एचपीएलसीत सहसा दिसत नाही, त्याला जनुकांचीच तपासणी लागते.

बहिणीने लोह नेमाने घेतलं. तीन महिन्यांनंतर हिमोग्लोबिन १०.८, पेशी ५.४५, एमसीव्ही ६२.४, फेरिटिन ४१. हिमोग्लोबिन वाढलं, पण बारापर्यंत गेलं नाही. पेशींची संख्या वाढली, पेशींचा आकार जेमतेम बदलला. भागाकार ११.४. आणि एचबीए२ ४.२ टक्के. या वेळी मॅडमनी सही केली : बीटा थॅलसेमिया ट्रेट. पहिल्या कागदावर आम्ही थांबलो असतो, तर बहीण ‘मी वाहक नाही’ असं मनाशी धरून लग्न करून गेली असती.

बहीण खूप रडली. तिला भीती होती ती सासरची. आईचंही म्हणणं होतं की लग्नाआधी कशाला बोलायचं. पण बहिणीनेच होणाऱ्या नवऱ्याला फोन केला, दोन्ही रिपोर्ट पाठवले आणि सांगितलं की मला आजार नाही, पण तू सीबीसी आणि एचपीएलसी, दोन्ही करून घे. तो आला, त्याने रक्त दिलं. त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला. लग्न झालं. तो वाहक निघाला असता, तरी लग्न करायचं की नाही हा त्या दोघांचा निर्णय होता, पण तो त्यांनी माहिती हातात घेऊन केला असता.

आता आमच्या घरातल्या प्रत्येक वाहकाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर एचपीएलसीचा कागद आहे. एचबीए२ ची टक्केवारी, त्या वेळचं फेरिटिन आणि तपासणीची तारीख तिन्ही त्यावर आहेत, कारण फेरिटिनशिवाय नुसती टक्केवारी अर्धवट माहिती देते. नवीन डॉक्टरांकडे गेलं की तो आधी दाखवायचा, म्हणजे ‘रक्त कमी’ म्हणून पुन्हा लोहाच्या गोळ्यांची रांग लागत नाही. आणि ओळखीपाळखीत कुणी म्हणालं की इतकं लोह घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, तर मी त्यांना त्यांच्या रिपोर्टातले दोनच आकडे विचारते, एमसीव्ही आणि लाल पेशींची संख्या. पहिला फार कमी आणि दुसरा नॉर्मलच्या वरच्या टोकाला किंवा त्याच्याही पुढे असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी फेरिटिन आणि एचपीएलसी करून घ्या, आणि घरात लग्न किंवा बाळ येणार असेल तर आजच करा, असं सांगते.